एसीचा पंखा फिरतोय पण गार होईना: ड्रेन पंप आणि फ्लोट स्विचबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की आमच्याकडं फोन सुरू होतात, आणि दहातल्या निम्म्या फोनवर वाक्य एकच असतं, "गॅस संपलाय वाटतं, येऊन भरून जावा." मग जाऊन बघावं तर गॅस टम्म आहे आणि एसीचं पाणी बाहेर टाकणारा भिंतीतला बारका पंप शेवाळानं भरलाय. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. जास्त करून भिंतीवरच्या स्प्लिट एसीबद्दल आहे, डक्टवाल्यांसाठी खाली एक प्रश्न वेगळा ठेवलाय.

माझ्या एसीला पंप आहे का नाही हे कसं ओळखायचं?

एसी बाहेरच्या भिंतीवर असेल आणि त्याचा पाईप खाली उतरत थेट बाहेर जात असेल तर बहुतेक नाहीच, पाणी आपोआप उताराला जातं. पंप लागतो तो एसी मधल्या भिंतीवर असला की. आमच्या कोल्हापुरातल्या गुजरीतली, महाद्वार रोडची दुकानं बघा, दोन्ही बाजूला शेजाऱ्याची भिंत, पुढं रस्ता, मागं दुसऱ्याचं घर, मग पाणी जाणार कुठून? तिथं पाणी आधी वर छतापर्यंत चढवायचं आणि मग पीओपीच्या वरून आडवं न्हेऊन मागच्या मोरीत सोडायचं. एसीच्या बाजूला किंवा खाली पांढरी प्लॅस्टिकची पट्टी किंवा कोपरा दिसत असेल आणि अधूनमधून बारीक घुर्र असा आवाज येऊन थांबत असेल तर पंप आहे. त्यातून निघणारी नळी बॉलपेनएवढीच जाड असते, आतून साधारण 6 मिमी. ही बारकी नळी लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

एसी अर्धा तास मस्त चालतो, मग नुसतं पंख्याचं वारं, मग परत गार. गॅस गेला का?

बहुतेक नाही. गॅस कमी असला तर गारवा जास्त करून सतत कमी असतो, तो सहसा असा ये-जा करत नाही. थोडा वेळ एकदम कडक गार, मग नुसतं वारं, मग तुम्ही काहीच न करता परत गार, असं होत असेल तर माझा पहिला संशय पाण्यावर.

आत काय होतं ते सांगतो. एसीच्या ट्रेमधलं पाणी एका छोट्या टाकीत उतरतं, टाकी म्हणजे काय तर काडेपेटीहून जरा मोठी डबी. तिच्यात एक फ्लोट तरंगतो. पाणी थोडं चढलं की पंप चालू, उतरलं की बंद. हे झालं रोजचं काम. पण पाणी त्याच्याही वर चढलं, म्हणजे पंप चालू आहे तरी पाणी कमी होईना, तर तिसरी एक पातळी असते, तिथं पोचल्यावर पंपातला अलार्मचा कॉन्टॅक्ट उघडतो आणि कॉम्प्रेसरला जाणारा सिग्नल तोडतो. कॉम्प्रेसर थांबला की कॉइल गरम होते, नवीन पाणी बनत नाही, अर्धमेला पंपसुद्धा उरलेलं पाणी हळूहळू ओढून टाकतो, पातळी उतरते, कॉन्टॅक्ट परत जुळतो आणि कॉम्प्रेसर परत सुरू. म्हणजे एसी बिघडला नाही, त्याला थांबवलं गेलंय. नाहीतर तेच पाणी तुमच्या भिंतीवरून खाली आलं असतं.

आणि पंप पूर्ण मेला असेल तर? मग एकदा बंद झाला की बंदच, डबीतलं पाणी जायला वाटच नाही. मधेमधे चालू होतोय म्हणजे पंप जिवंत आहे पण दमलाय, हे घरबसल्या कळतं.

डिस्प्लेवर कोड येतो का?

मशीन आणि वायरिंग कशी आहे त्यावर आहे. छतात बसणाऱ्या कॅसेट आणि डक्ट युनिटला फ्लोट स्विच कंपनीकडूनच असतो तेव्हा त्याचा स्वतःचा कोड येतो, डायकिनला `A3`, एलजीला `CH04`. पण भिंतीवरच्या एसीला पंप बाहेरून लावलेला असतो, एसीच्या बोर्डाला त्याचा पत्ताच नसतो, त्यामुळं साध्या मशीनवर कोड बिड काही येत नाही, पंखा गुमान चालू राहतो.

गंमत इन्व्हर्टर एसीत होते. तिथं आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये बोलायची एक वायर असते, बरेच जण पंपाचा कॉन्टॅक्ट त्याच वायरमध्ये टाकतात. पाणी चढलं की ती वायर तुटल्यासारखी होते आणि डिस्प्लेवर येतो कम्युनिकेशनचा एरर. मग नवीन पोरगं येतं, कोड बघतं आणि म्हणतं पीसीबी म्हणजे आतला बोर्ड गेला. तर साहेब, पंप लावलेल्या मशीनला कम्युनिकेशन एरर आला तर पीसीबीचे पैसे द्यायच्या आधी डबी उघडून पाणी बघायला सांगा.

एप्रिल-मे मध्ये काही त्रास नव्हता, पावसाळ्यातच का सुरू झालं?

कारण उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी एसी पाणी कमी काढतो आणि पावसाळ्यात लई काढतो. हवेत दमटपणा असला की दीड टनाचा एसी तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी सहज काढतो, आणि दुकानाचं दार सारखं उघडझाप असेल तर अजून जास्त. पंप मार्चपासून हळूहळू चोंदत आलेला असतो, पण तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी तो कसंबसं उचलत होता म्हणून कुणाला कळलं नाही. जूनमध्ये पाणी तिप्पट झालं आणि त्याचं पितळ उघडं पडलं.

नक्की पंपच दमलाय हे तुम्ही कसं ठरवता?

बाटलीनं आणि घड्याळानं. एक केस सगळीच सांगतो, त्यात सगळं आलंय.

राजारामपुरीत एक दाताचा दवाखाना आहे, एसी खुर्चीच्या मागच्या मधल्या भिंतीवर. नळी छतापर्यंत सव्वा मीटर वर आणि मग पीओपीच्या वरून सात मीटर आडवी, मागच्या बाथरूमपर्यंत. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दादा, सकाळी पहिला पेशंट होईपर्यंत छान चालतो, मग दर दहा मिनिटांनी बंद-चालू. एकानं गॅस भरला, दुसऱ्यानं सेन्सर बदलला." दोन्हीचे पैसे गेलेले. मी एसी चालू करून अर्धा तास बसलो, पेशंटसारखा. पंख्याचा आवाज तसाच राहिला आणि बाहेर कॉम्प्रेसर बंद पडला, त्याच वेळी भिंतीतला पंप सलग घुर्र करत होता, थांबतच नव्हता. तिथंच निम्मं काम झालं.

मग ट्रेमधून येणारी नळी पंपाच्या डबीतून काढून बाटलीत सोडली. 250 मिली भरायला 8 मिनिटं लागली, म्हणजे तासाला जवळजवळ 1.9 लिटर पाणी येतंय. आता डबीत वरून थोडं थोडं पाणी ओतत राहिलो आणि बाथरूमकडच्या टोकाला दुसऱ्या पोराला बाटली धरून उभा केला. त्याला 250 मिली भरायला 13 मिनिटं लागली, म्हणजे पंप उचलतोय तासाला 1.15 लिटर. येतंय जास्त, जातंय कमी, आणि डबीत जागा किती, दोन-चार घोट. पहिल्यांदा कॉइल भिजून थेंब धरायलाच वेळ जातो म्हणून सकाळचा अर्धा तास निघतो, नंतर प्रत्येक वेळी कॉइल ओलीच असते म्हणून लगेच भरतं.

डबी उघडली तर आत राखाडी जेली, साबुदाण्याची खीर गार झाल्यावर दिसते तशी. हे बॅक्टेरिया आणि धूळ मिळून बनतं, त्यात पाणी असतं पण ते वाहत नाही. जाळी चोंदलेली. धुवून परत बसवलं, परत बाटली धरली, 3 मिनिटं, म्हणजे तासाला 5 लिटर. भागलं असतं, बरेच जण इथंच बिल करून जातात. पण पंपावर लिहिलेलं होतं तासाला 12 लिटर, आणि सव्वा मीटर चढासाठी अर्ध्याहून कमी म्हणजे मला पटेना. टॉर्च घेऊन पीओपीचं झाकण उघडलं तर लाईटवाल्यानं आपल्या वायरीबरोबर आमची नळीसुद्धा केबल टायनं आवळून बांधलेली, एकदम चपटी. टाय कापला, नळीचा तेवढा तुकडा बदलला, दीड मिनिटात बाटली भरली. तासाला 10 लिटर. गेला पावसाळा आणि हाही निम्मा संपला, मॅडमचा फोन आला तो दात दाखवायला कधी येताय म्हणून.

यातनं मला इतकंच सांगायचंय की साफ करून पंप "चालला" एवढ्यावर थांबू नका, साफ करायच्या आधी आणि नंतर मोजा. बाटली फुकट असते.

मी स्वतः साफ करू शकतो का?

डबी आणि फ्लोट, हो. आधी एसीचा मेन स्विच बंद करा, पंपाला वेगळा स्विच असेल तर तोही, कारण अलार्मच्या वायरीत 230 व्होल्ट असू शकतो आणि तुमचे हात ओले असणार. डबी ओढून काढा, खाली टॉवेल धरा, थोडं पाणी सांडणारच. आतली जाळी, फ्लोट आणि डबी कोमट पाण्यात भांड्याचा साबण टाकून जुन्या टूथब्रशनं घासा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. बाथरूमचं ॲसिड तर अजिबात नको, ॲसिडनं पंपातलं रबर जातं आणि वर ट्रेमध्ये ओतलंत तर त्याच्या वाफेनं ॲल्युमिनियमच्या फिन्स पांढऱ्या पडून झडायला लागतात. एका काकींनी चकचकीत होईल म्हणून ओतलं होतं, पंप चकचकीत झाला आणि कॉइल बदलावी लागली.

आणि डबी एकटी धुवून उपयोग नाही, एसीचा ट्रे आणि ट्रेपासून डबीपर्यंतची नळी पण धुवा, नाहीतर वरची जेली आठ दिवसात खाली येते. दवाखाना, ऑफिस, घर यांना पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पुरतं. बेकरीवाल्यांनी मात्र दर महिन्याला बघा, हवेतल्या साखर-पिठावर ही जेली इतकी झकास वाढते की विचारू नका.

साफ केलं आणि आता तर पंप बिलकूलच चालेना, काय केलं मी?

नव्वद टक्के फ्लोट उलटा बसवलाय. फ्लोट साधा तरंगणारा तुकडा वाटतो पण त्याच्या एका टोकाला चुंबक असतं, ते वर आलं की झाकणातला सेन्सर ओळखतो. बऱ्याच पंपात चुंबकाची बाजू वरच पाहिजे, उलटं टाकलं की पाणी काठापर्यंत आलं तरी पंपाला वाटतं डबी रिकामीच आहे. आणि वाईट भाग असा की अलार्मसुद्धा त्याच फ्लोटवर चालतो, म्हणजे पंपही चालणार नाही आणि एसीही थांबणार नाही, पाणी सरळ भिंतीवर. म्हणून काढायच्या आधी मोबाईलनं फोटो काढा आणि बसवल्यावर पेलाभर पाणी ओतून पंप सुरू होतो का ते बघितल्याशिवाय एसी लावू नका.

अलार्म तपासायचा तर टेक्निशियनकडून करून घ्या. वीज बंद करून कॉन्टॅक्टच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि मल्टीमीटरची शिटी लावायची. डबी रिकामी असताना शिटी वाजली पाहिजे, फ्लोट वरपर्यंत उचलला की थांबली पाहिजे. काही पंपात वीज असल्याशिवाय हा कॉन्टॅक्ट जुळतच नाही, त्यामुळं पंपासोबतचा कागद आधी वाचायचा. दोन्हीकडं वाजतच राहिली तर कॉन्टॅक्ट चिकटलाय, असा पंप मी परत लावत नाही. कॉन्टॅक्ट चिकटतो कसा तेही सांगतो, दीड टनाच्या जुन्या मशीनचा कॉम्प्रेसर सात-आठ अँपिअर घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, आणि कुणीतरी मोठा करंट पेलणारा कॉन्टॅक्टर न लावता तो सगळा करंट या बारक्या कॉन्टॅक्टमधून नेलेला असतो.

मेकॅनिकनं अलार्मच्या दोन वायरी जोडून "डायरेक्ट" करून दिलं आणि एसी मस्त चालतोय. राहू दे का?

त्यानं एसी दुरुस्त केला नाही, फक्त त्याचं बोलणं बंद केलं. पाणी अजून तितकंच येतंय, आता ते डबीतून उलटं ट्रेमध्ये चढणार आणि ट्रेच्या काठावरून खाली येणार. लक्ष्मीपुरीतल्या एका कापड दुकानात असंच केलं होतं, शनिवारी केलं आणि सोमवारी खालच्या कप्प्यातल्या साड्या पिवळ्या.

पंप यायला दोन दिवस लागणार आहेत आणि एसीशिवाय भागत नाही, अशी वेळ येते, मान्य आहे. मग डायरेक्ट करा पण ट्रेची नळी पंपातून काढून बादलीत सोडा. तासाला दोन लिटर धरलं तर आठ तासांचे सोळा लिटर, म्हणजे बादली जवळजवळ भरतेच. दुपारी एकदा ओतून द्या म्हणजे विषय नाही. नळी खाली उतरती ठेवा, मधे वर उचलली गेली की पाणी परत मागं.

दिवसभर ठीक, पण सकाळी दुकान उघडलं की एसीखाली थारोळं. का?

रात्री शटर ओढताना तुम्ही मेन स्विचच पाडता म्हणून. एसी बंद झाला तरी कॉइलवर ओल असते, ती पुढं दहा-पंधरा मिनिटं टपटप गळत राहते, आणि तुम्ही पंपाची वीज पण त्याच स्विचनं घालवलेली असते. रिमोटनं एसी बंद करा, हिशोब करा, वीसेक मिनिटांनी मेन पाडा. लाईट गेल्यावर पण हेच होतं, पण तेव्हा बहुतेक ट्रे आणि डबी मिळून तेवढं पाणी धरतात. सारखं सांडत असेल तर डबी आधीच अर्धी चोंदलेली आहे किंवा एसी एका बाजूला कललाय.

याच्याच भावकीतला एक घोळ म्हणजे पंपाची वीज अलार्मच्या कॉन्टॅक्टच्या पुढून घेतलेली असणं. पाणी चढतं, कॉन्टॅक्ट सगळी वीज तोडतो, त्यात पंप पण बंद. आता पाणी कोण काढणार? पंपाला वीज कायम आणि वेगळी पाहिजे, तोडायचं ते फक्त कॉम्प्रेसरला.

आमच्या हॉलमध्ये छतात डक्टचं युनिट आहे, पंप नाही, नुसता फ्लोट स्विच. तरी ट्रिप होतं.

इथं पाईप चोंदलाय का हे पहिलं बघायचं, पण पाईप स्वच्छ असून ट्रिप होत असेल तर ट्रॅप, म्हणजे पाईपमधला पाणी धरून ठेवणारा बाक, बघा. बऱ्याच डक्ट युनिटमध्ये ब्लोअर कॉइलच्या मागून हवा ओढतो, त्यामुळं ट्रेच्या जागी आत ओढ असते आणि ड्रेन पाईपमधून बाहेरची हवा आत शिरायला बघते. ती हवा पाण्याला बाहेर पडू देत नाही. ब्लोअर चालू असेपर्यंत ट्रे भरत जातो, फ्लोट वर येतो, मशीन बंद, ब्लोअर थांबला की ओढ गेली आणि सगळं पाणी एकदम भसकन बाहेर. तुम्ही शिडी लावून बघेपर्यंत ट्रे रिकामा, आणि लोक म्हणतात स्विच खराब आहे.

ओळखायचं सोपं आहे, मशीन चालू असताना पाईपच्या टोकाशी टिश्यू पेपरचा तुकडा धरा, तो आत ओढला गेला तर ट्रॅप नाही किंवा कोरडा पडलाय. यू आकाराचा ट्रॅप युनिटजवळ लावायचा, 50 ते 100 मिमी खोल, आणि सीझनच्या सुरुवातीला त्यात तांब्याभर पाणी ओतायचं कारण चार महिने बंद असताना तो वाळलेला असतो.

अजून एक, फिल्टर घाणीनं बंद झाला की कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की एकदम लोंढा येतो, मग चांगला पंपही हरतो आणि स्विचही पडतो. ट्रिप होण्याआधी हवा कमी येत होती का, हे आठवून बघा.

पंपाचा आवाज फार येतो, सारखा गुरगुरतो.

पाणी नसताना गुरगुरत असेल तर नळीचं दुसरं टोक पंपापेक्षा खाली आहे आणि पेट्रोल नळीनं काढतात तसं पाणी स्वतःच ओढलं जातंय, पंप मागं हवा खात बसतो. टोकाशी किंवा वरच्या वळणावर अँटी-सायफनचा तुकडा लावला की थांबतं.

नवीन पंप घेताना काय बघू?

बॉक्सवरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो. आत एक तक्ता असतो, त्यात तुमचा चढ किती मीटर आहे त्या ओळीत तासाला किती लिटर दिलंय ते वाचा, आणि तुमच्या एसीच्या पावसाळ्यातल्या पाण्याच्या निदान दुप्पट घ्या, म्हणजे दीड टनाला त्या उंचीवर 4 ते 5 लिटर. अलार्मचा कॉन्टॅक्ट किती अँपिअरचा आहे ते बघा. आणि तो पंप पीओपीच्या आत पुरून टाकू नका हो, हात जाईल अशा जागी लावायला सांगा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये आधी सुताराला फोन करावा लागतो आणि मग आम्हाला.